तीन टक्क्यांचे मामा

आमच्या मोठ्या मामांची जुनी स्कूटर अजून मुधोळच्या घरी अंगणात उभी आहे, कारण ती विकायला काढली तेव्हा आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामांनी तिचे दोष क्रमवार सांगितले. पहिला दोष सांगेपर्यंत गिऱ्हाईक ऐकून घेई, चौथ्याला चहा पिऊन निघून जाई. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलीकडच्यांना माझे बारावीचे गुण त्यांनी दशांश चिन्हासह सांगितले होते. मुधोळ २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून निघून निर्मळ जिल्ह्यात गेलं. तरी मामा पत्ता लिहिताना ‘आदिलाबाद (२०१६ पर्यंत)’ असं लिहितात आणि पोस्टमन ते सहन करतो.

मामा निवृत्त गणित शिक्षक. खरं बोलणं आणि टक्केवारी काढणं या दोनच गोष्टींवर त्यांचं आयुष्य उभं आहे. असा माणूस दहा वर्षांच्या नातीला ‘चॅलेंज’ शिकवायला बसतो तेव्हा शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, याचा निकाल लागायला एक मे महिना पुरतो.

नात म्हणजे बारकी. ताईची मुलगी, शाळा निजामाबादची, घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. मुधोळला ही भेसळ नवी नाही. १९५६ साली नांदेड जिल्हा मुंबई राज्याकडे गेला तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं मागे राहिली. तेव्हापासून इथल्या पोरांना भांडायला एक भाषा आणि परीक्षेला दुसरी. दुपारी बाहेर चिटपाखरू नसतं, आत कूलर घरघरत असतो आणि सतरंजीवर आम्ही चौघं: मामा, मामी, बारकी आणि मी. पैसे नाहीत, चिंचोके. पैसे लावून पत्ते खेळणं मामांना कायद्यानं आणि तत्त्वानं मान्य नाही.

आमच्याकडे चॅलेंज असा खेळतात. बावन्न पत्ते चौघांत वाटले की प्रत्येकाला तेरा. ज्याची उतारी तो पत्ते पालथे टाकतो आणि नाव सांगतो: “तीन राण्या.” पुढच्यानं एक तर राण्याच म्हणून आणखी पत्ते टाकायचे, नाही तर ‘पास’ म्हणायचं, नाही तर ‘चॅलेंज’. चॅलेंज आला की शेवटी टाकलेले पत्ते उलटायचे. खोटे निघाले तर टाकणाऱ्यानं सगळा ढीग उचलायचा, खरे निघाले तर चॅलेंज करणाऱ्यानं. सगळ्यांनी पास दिला तर ढीग बाजूला जातो आणि ज्यानं शेवटी पत्ते टाकले त्याची नवी उतारी. ज्याचा हात आधी संपला तो जिंकला.

ताईनं दारातूनच हरकत घेतली. “बाबा, पोरीला खोटं बोलायला शिकवायलात का?”

मामांना हा प्रश्न अपेक्षित होता. ते म्हणाले, “चौघांनाही ठाऊक आहे की इथं खोटं बोलता येतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी बोललेलं ते खोटं. हा करार आहे.”

बारकीनं लगेच कराराची कलमं तपासायला घेतली. “मग चार पत्ते टाकून तीन म्हटलं तर?”

“ती लबाडी. पत्ते कोणते, हे खोटं सांगता येतं. किती, हे नाही.”

“आणि चॅलेंज केल्यावर उलटायच्या आधी एक पत्ता बदलला तर?”

“ती चोरी!” मामा एवढ्या जोरात म्हणाले की मामी स्वयंपाकघरातून उठून आल्या. ताईला मात्र हे पटलेलं दिसलं. निदान तिनं कूलरमध्ये पाणी ओतलं आणि ती झोपायला गेली. माझ्या मते त्या दुपारी बारकी जे खरोखर शिकली ते हेच होतं, की खोट्यालाही कुंपण असतं आणि कुंपण कुठे आहे हे आधी विचारून घ्यावं. पुढचं सगळं आकडेमोडीचं.

पहिल्याच डावात बारकीची उतारी होती. तिनं तीन पत्ते टाकले. “तीन राण्या.”

मामांच्या हातात एक राणी होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. हिशेब असा: मामांना न दिसणारे पत्ते एकोणचाळीस, त्यांतले तेरा बारकीकडे. म्हणजे एखादी राणी तिच्याकडे असण्याची शक्यता तिसरा हिस्सा. उरलेल्या तिन्ही राण्या तिच्याचकडे असायच्या तर तिसऱ्या हिश्शाचा तिसरा हिस्सा आणि त्याचाही तिसरा, त्यातही प्रत्येक राणीगणिक तिच्या हातातली एक जागा कमी. मामा पुटपुटले, “तेरा भागिले एकोणचाळीस, गुणिले बारा भागिले अडतीस, गुणिले अकरा भागिले सदतीस... तीन पूर्णांक एक दशांश टक्के.” मग न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाले, “चॅलेंज.”

तीन राण्या निघाल्या.

मामांनी पुन्हा हिशेब केला. तो बरोबरच होता. “तीन टक्के,” ते मला म्हणाले, जणू पत्ते मी पिसले होते.

मामी लसूण सोलत म्हणाल्या, “आहो, ती खरं बोलायली की. तिला अजून खोटं बोलताच येत नाही.”

मामींनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मामांना चार दिवस कळली नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. तीन टक्के हा आकडा पत्त्यांचा आहे, बारकीचा नाही. बारकीनं तोंड उघडण्याच्या आधी कुणी विचारलं असतं, की तिच्याकडे तीन राण्या असतील का, तर तीन टक्के हे अचूक उत्तर होतं. पण तिनं तोंड उघडलं. आता प्रश्न असा, की ‘तीन राण्या’ असं ती म्हणते तेव्हा किती वेळा खरं असतं? शंभर डाव धरा. त्यांतल्या तिनात तिच्याकडे तिन्ही राण्या येणार आणि ती तसं सांगणार. उरले सत्त्याण्णव. त्यांत ती एकदाही थाप मारत नसेल, तर तिचं प्रत्येक ‘तीन राण्या’ खरं. सत्त्याण्णवांत एकदाच मारत असेल, तर चारांतलं तीनदा खरं. दहादा मारत असेल, तर तेरांतलं तीनदाच. पत्ते तेच, टक्के तेच. चॅलेंज करावा की नाही हे ठरतं सत्त्याण्णवांतल्या थापांवरून: तीनच असतील तर छापा-काटा, त्याहून जास्त असतील तर खुशाल करावा, कमी असतील तर गप्प बसावं. मामांनी पत्ते मोजले, पोरीला मोजलंच नाही.

ते स्वतः या खेळात फार वाईट होते, हे सांगायला नको. थाप मारताना त्यांची भाषा शुद्ध व्हायची. एरवी “दोन नश्श्या” म्हणणारा माणूस एकदम “माझ्याकडून दोन नश्श्या सादर” म्हणायचा, की मामी वर न बघता चॅलेंज करत.

बारकी हळूहळू थाप मारायला शिकली आणि तिचीही एक खोड उघडी पडली. खरं असलं की ती “तीन” म्हणे, खोटं असलं की “मूडु”. शाळेत उत्तर येत नसताना द्यावं लागतं ते तेलुगूत, म्हणून असेल. मामांनी तिच्या उतारीवर दोनदा तिला पकडलं आणि रोजनिशीत नोंद केली: ‘मूडु – २ वेळा, दोन्ही खोटे. १०० टक्के.’ ज्या माणसानं जन्मभर मुलांना दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नका असं शिकवलं, त्यानंच हे लिहिलं.

मला तेव्हा लक्षात आलं नाही ते असं, की दोन्ही वेळा ढिगात फक्त तिचे स्वतःचेच तीन पत्ते होते. उतारीवर पकडलं गेलं तर आपलेच तीन पत्ते आपल्याकडे परत येतात. नुकसान म्हणाल तर उतारी गेली, एवढंच. या खेळातलं सगळ्यात स्वस्त खोटं ते हेच आणि ती तेच खर्चत होती.

मग तो डाव आला. मामींनी “एक राजा” म्हणून सुरुवात केली, मी दोन टाकले, आणि कुणी चॅलेंज करेना म्हणून राजे वाढतच गेले. पत्त्यांत राजे चार असतात, त्या ढिगात तोंडी हिशेबानं सतरा झाले होते. माझे तर सगळे खोटे होते. बारकीच्या हातात तीनच पत्ते उरलेले. तिनं ते टाकले आणि छताकडे बघत म्हणाली, “मूडु राजे.”

मामांच्या हातात एक राजा होता. इकडून तीन टक्के, तिकडून रोजनिशीतले शंभर. एवढा भक्कम पुरावा त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. “चॅलेंज!”

बारकीनं तीन राजे एकेक करून उलटले. पहिल्या हातापासून तिनं ते जपून ठेवले होते. मामांनी वीस पत्ते उचलले. ते त्यांच्या हातात मावेनात, म्हणून काही मांडीवर ठेवले.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली खेळांच्या सिद्धांतावर जे जाडजूड पुस्तक लिहिलं त्यात पोकरमधल्या थापेचे दोन उपयोग सांगितले आहेत. एक, हात कच्चा असताना पक्का भासवणं. दुसरा कमी लोकांना सुचतो: कधीमधी पकडलं जाणं, म्हणजे हात खरोखर पक्का असेल तेव्हा समोरचा विश्वास ठेवत नाही. बारकीनं ते पुस्तक वाचलेलं नाही. मी तिला विचारलं, मुद्दाम केलंस का? ती म्हणाली, “आजोबा वहीत लिहून ठेवतात ना, मग मी तसंच बोलत गेले.”

मामांनी हार मानली नाही. रात्रभर विचार करून ते या निष्कर्षाला आले, की दोष मनाचा आहे. माणूस थाप कधी मारायची हे स्वतः ठरवतो, म्हणून ओळखू येतो. ठरवणंच दुसऱ्याकडे सोपवलं की झालं. सकाळी त्यांनी जाहीर केलं, की आता त्यांची थाप घड्याळ ठरवणार. आपली पाळी आली की मनगटाकडे बघायचं. सेकंदकाटा बारा आणि दोनच्या मध्ये असला तर थाप, नाही तर खरं. साधारण सहांतून एकदा. कल्पना शास्त्रशुद्ध आहे, तिच्यावर मी बोट ठेवणार नाही. असं यंत्रवत चाललेलं खोटं चेहऱ्यावरून वाचता येत नाही.

अट एकच, घड्याळ प्रत्येक पाळीला बघायला हवं. मामांच्या हातात सांगायला खरे पत्ते असले की ते घड्याळाकडे बघायचेच नाहीत. मी खूण केली तर म्हणाले, “अरे, खरं बोलायला मुहूर्त कशाला लागतो?”

मामांनी मनगट वळवून पत्ते टाकले, की मामी चॅलेंज करत. सेकंदकाट्यानं कधी त्यांना खरंच बोलायला लावलं, तर मामी ढीग उचलून घेत, पण तसं क्वचितच होई, कारण घड्याळाकडे ते बघत तेच खरं सांगण्यासारखं काही हातात नसताना. ते न बघता “दोन छक्क्या” म्हणाले, की आम्ही तिघं एका दमात पास. संध्याकाळपर्यंत त्यांचे सगळे चिंचोके बारकीच्या डब्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा बाजारात जाऊन घड्याळाला नवा सेल टाकून आले.