बेरजेचं राजकारण इथे चालत नाही

लग्नात कोणाचा मान आधी, हे ठरवायला आमच्याकडे बैठका बसतात आणि तरी एक आत्या रुसतेच. कायरल कार्बनला धरून बसलेल्या चार गटांचा मान ठरवायला कॅन, इन्गोल्ड आणि प्रेलॉग या तिघांनी एकच निकष लावला: ज्याचा अणुक्रमांक मोठा, तो पुढे. रुसायला जागाच नाही.

अॅलॅनिन घ्या. मधल्या कार्बनला NH2, COOH, CH3 आणि H. नायट्रोजन 7, म्हणून पहिला. हायड्रोजन 1, म्हणून चौथा. उरलेले दोघेही कार्बन, सहाला सहा. मग एक घर आत डोकवायचं. COOH च्या कार्बनकडे तीन ऑक्सिजन. खरे दोनच, पण दुहेरी बंधाचा ऑक्सिजन दोनदा मोजतात. CH3 कडे नुसते तीन हायड्रोजन. COOH दुसरा, विषय संपला.

आता H आपल्यापासून लांब जाईल असा रेणू धरायचा आणि एक-दोन-तीन असं फिरायचं. घड्याळाच्या दिशेने गेलात तर R, उलट गेलात तर S. फिशरच्या आकृतीत मात्र आडव्या रेषा आपल्या अंगावर येतात. L-अॅलॅनिनचा COOH वर, NH2 डावीकडे, CH3 खाली आणि H उजवीकडे, म्हणजे थेट आपल्या नाकासमोर. फेरी दिसते घड्याळासारखी, म्हणून उत्तर उलटवायचं: S. क्रम अचूक लावून शेवटी उलटवायला विसरणारी मुलं दर वर्षी भेटतात. पेपरात त्यांचे बाण इतके सुबक असतात की मार्क कापताना जिवावर येतं.

खरी गंमत सिस्टीनमध्ये. तिथे CH3 च्या जागी CH2SH येतो. फळ्यावर लिहिलं की वर्गातले हिशेबनीस लगेच कामाला लागतात: COOH चे तीन ऑक्सिजन, आठ त्रिक चोवीस, गंधक 16 आणि दोन हायड्रोजन मिळून अठरा. "मॅडम, COOH जिंकला!" नाही जिंकला. बेरीज करायचीच नाही. दोन्हीकडचा सगळ्यात मोठा अणू समोरासमोर उभा करायचा. 16 विरुद्ध 8, कुस्ती तिथेच निकाली. मागे उभे असलेले दोन ऑक्सिजन नुसते प्रेक्षक.

त्यामुळे CH2SH दुसरा, COOH तिसरा, आणि प्रथिनांतल्या इतर नेहमीच्या कायरल अमिनो आम्लांचा अल्फा कार्बन S असताना L-सिस्टीन एकटं R. रेणू जागचा हललेला नाही, L चा D झालेला नाही. फक्त मानाची पानं बदलली. R म्हणजे प्रकाश उजवीकडे वळवणार, असंही कोणी समजू नये. ते पोलॅरिमीटरवर मोजावं लागतं, कागदावर बाण काढून कळत नाही.

"मग सेरीन?" मागच्या बाकावरून आलंच. गंधकाऐवजी ऑक्सिजन, CH2OH. पहिल्या जोडीत 8 ला 8, बरोबरी. दुसऱ्या जोडीत COOH कडे ऑक्सिजन, इकडे बिचारा हायड्रोजन. COOH पुन्हा दुसरा, सेरीन पुन्हा S. हिशेबनीस खूश: या वेळी बेरीज करूनही उत्तर तेच आलं होतं.