नाव कमी सर

आमच्या केंद्रातले एक गुरुजी नोटीस खालून वर वाचतात. आपण साधी माणसं वरून सुरुवात करतो. तारीख, वेळ, ठिकाण वाचतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, "हा रविवार गेला." गुरुजी आधी सही बघतात, मग प्रत कुणाकुणाला गेली ते बघतात, मग 'अपवादात्मक परिस्थितीत' हे दोन शब्द शोधतात. ते सापडले की चष्मा पुसतात आणि तिथून वर चढायला लागतात. प्रशिक्षणात काय शिकवणार हे नोटिशीच्या पहिल्याच ओळीत असतं. तिथपर्यंत त्यांची चढण कधी पोहोचत नाही.

त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण तालुका त्यांना 'नाव कमी सर' म्हणतो. निवडणूक लागली की त्यांच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य ठरलेलं: "नाव कमी कुठं होतंय?" तुमच्याही तालुक्यात असा एक जण असेल. नसेल, तर तो तुम्हीच.

२०२४ ची लोकसभा. बीडचं मतदान १३ मे रोजी होतं आणि ऑर्डरी एप्रिलमध्ये निघाल्या. ऑर्डर येते केंद्रप्रमुखांच्या हातून, आणि घेणाऱ्याने पोहोच म्हणून सही करायची असते. गुरुजींचा सिद्धान्त असा की सही झाली नाही म्हणजे ऑर्डर मिळाली नाही. चार दिवस ते केंद्रप्रमुखांची मोटारसायकल दिसली की मागच्या दाराने शौचालयाच्या बांधकामाची पाहणी करायला जात. पाचव्या दिवशी ऑर्डरचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. त्यांनी तो उघडला, मोठा करून खालून वर वाचला, आणि मग लक्षात आलं की खाली दोन निळ्या टिका उमटल्यात. सायंकाळी त्यांनी मुकाट्याने सही केली.

सहीनंतर मला फोन आला. "सर, तुम्ही नोटीस वाचली का?"

"वाचली की. सकाळी नऊला हजर राहायचंय."

"आव ते सोडा. शिक्षा वाचली का?"

मी नव्हती वाचली. मग त्यांनी फोनवरच माझा वर्ग घेतला, आणि तो वर्ग इतका चोख होता की मला आजही पाठ आहे.

"हे बघा," ते म्हणाले, "कलम १३४, लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१. निवडणुकीच्या कामात कसूर केली तर दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत! पाचशे म्हणजे बीडला जायचं-यायचं पेट्रोल, दोन चहा आणि एक भजी प्लेट. हिशोबात दंडच परवडतोय."

"मग भरून टाका."

"थांबा की. खाली पोटकलम आहे, ते तुम्ही वाचायला पाहिजे. गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय उचलू शकतात. पाचशे रुपयांसाठी जीपमध्ये बसायचं, तेही गावासमोर, ते परवडत नाही. आणि कलम २८ अ ठाऊक आहे का? अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंत आपण निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर समजले जातो. शिस्त त्यांची. आपले साहेब आपले राहत नाहीत. ही बिनाऑर्डरची बदली आहे, सर, बदली!"

बदली हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज कापला. झेडपीच्या शिक्षकाचा आवाज त्या शब्दाला कापतोच.

नोटिशीत हजेरीचा नियम साधा होता. सही दोनदा करायची, आल्यावर आणि शेवटी. गुरुजींचा अनुभव असा की पहिल्या सहीनंतर सभागृह गरम होतं आणि दुसऱ्या सहीपर्यंत गावाकडची एसटी सुटते. त्यामुळे त्यांना पूर्ण दिवसच टाळायचा होता. त्यासाठी नोटिशीत एकच फट होती. आजारपण असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र जोडावं. इतर सबळ कारण असेल, तर आधी लेखी अर्ज द्यावा, म्हणजे पुढच्या सत्रात बसता येईल. न कळवता गैरहजर राहिल्यास कारणे दाखवा नोटीस, २४ तासांत खुलासा, आणि पुन्हा त्याच सत्रात हजेरी. म्हणजे तिन्ही रस्ते एकाच सभागृहात जात होते. कुणी सरळ जाणार, कुणी वळसा घालून.

गुरुजींनी कारणांची यादी केली. 'गाडी उशिरा आली' हे कारण त्यांनी स्वतःच खोडलं, कारण बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि ही गोष्ट त्याआधीची. 'भाचीचं लग्न' हे कारण उत्तम होतं. लग्नसराई चालू होती, पत्रिका घरात होत्या. त्यांनी पत्रिका जोडून अर्ज दिला. आठ दिवसांनी उत्तर आलं की अर्ज मान्य आहे, आपण पुढच्या सत्रात बसावं. पुढचं सत्र नेमकं लग्नाच्या दिवशी होतं. पहिल्या सत्राच्या दिवशी लग्न नव्हतंच. पत्रिकेवरची तारीख साहेबांनी वाचली होती, गुरुजींनी नव्हती. पत्रिका ते वरून वाचतात.

मग कंबर आली. खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट नोटिशीत चालत नव्हतं, म्हणून मंडळासमोर जावं लागलं. तिथल्या रांगेत पुढे एक विस्तार अधिकारी, मागे दोन मुख्याध्यापक, सगळ्यांचा हात कमरेवर. तीन तास ते सारे एकमेकांना ओळखत नसल्यासारखे उभे होते. मंडळाने गुरुजींना तपासलं आणि लिहून दिलं की फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, बसून करण्याचं काम देण्यास हरकत नाही.

गुरुजी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून नेमले गेले होते. मतदान केंद्राध्यक्षाचं काम बसून करायचंच असतं.

पहिल्या सत्राला मी शहाण्यासारखा गेलो. शेकडो माणसं, एक मशीन, आणि मशीनसमोर एक मास्टर ट्रेनर. माझी रांग इतकी मागे की मला बॅलट युनिट दिसलं ते मोबाइलच्या पडद्याएवढं. मी दोन्ही सह्या केल्या, चहा घेतला, आणि 'प्रशिक्षित' होऊन घरी आलो. गैरहजर असणाऱ्यांचं सत्र नंतर झालं. त्यात वीस-बावीस लोक होते. गुरुजींना मशीन हाताशीच मिळालं. लग्न चुकल्याचा राग त्यांनी मशीनवर काढला. पुन्हापुन्हा जोडलं, पुन्हापुन्हा खोललं.

संगणकाने आम्हा दोघांना एकाच पार्टीत टाकलं. गुरुजी अध्यक्ष, मी मतदान अधिकारी एक. बीडमध्ये त्या वेळी उमेदवार होते ४१. त्यात 'नोटा' धरला की ४२ बटणं. एका बॅलट युनिटवर १६ बटणं मावतात, म्हणून प्रत्येक केंद्रावर तीन युनिटं. तिसऱ्याची वायर दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात, पहिल्याची व्हीव्हीपॅटमध्ये आणि तिथून कंट्रोल युनिटमध्ये. हे सगळं मशीन बंद असतानाच जोडायचं. मी कंट्रोल युनिटचं बटण आधी चालू केलं आणि मग वायर उचलली.

"ओ सर!" गुरुजी ओरडले. "कामून चालू केलं? बंद करा आधी!"

पहाटे साडेपाचला मॉक पोल. मतदान सातला सुरू होतं, त्याच्या ९० मिनिटं आधी. कमीत कमी ५० मतं, आणि प्रत्येक बटणाला निदान एक. आम्ही ४२ बटणं दाबली आणि वर आठ मतं टाकली. प्रत्येक मताची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसायची, मग खाली पडायची. प्रतिनिधींनी मोजलं, मशीनचा निकाल आणि चिठ्ठ्या जुळल्या. सात वाजायला आले होते. बाहेर रांग लागलेली. एक प्रतिनिधी म्हणाला, "झालं ना सर, करा सुरू." मी सीलचा कागद हातात घेतला.

"क्लोज झालं, रिझल्ट झाला," गुरुजी बसल्या जागेवरून म्हणाले. "क्लियर कुणी केलं?"

कुणीच केलं नव्हतं. बेरजेचं बटण दाबलं तर ५० दिसलं. आमची खोटी मतं मशीनमध्ये आरामात बसलेली होती. त्यांनी क्लियर दाबलं, पुन्हा बेरीज बघितली, शून्य. मग मोजलेल्या चिठ्ठ्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारला आणि त्या काळ्या पाकिटात भरून सील केल्या. हे राहून गेलं असतं तर संध्याकाळी नोंदवहीत जेवढे मतदार, त्यापेक्षा मशीनमध्ये ५० मतं जास्त निघाली असती, आणि तो हिशोब देता देता आम्ही दोघांनीही कलम १३४ वरून खाली वाचलं असतं. त्या निवडणुकीचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. पंधरा लाखांहून जास्त मतदारांनी मतदान केलं तिथं हे अंतर किती लहान, ते निकालाच्या रात्री मला कळलं.

मतदानाच्या रात्री सुखरूप सामान जमा करून परत येताना मी त्यांना म्हणालो, "सर, तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

"गैरहजर होतो ना," ते म्हणाले.

हे वाक्य तालुकाभर फिरलं. माझ्यामुळेच फिरलं. पहिल्याला गेलात तर भिंत बघत बसाल, दुसऱ्याला गेलात तर मशीन हाताला लागतं, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. सहा महिन्यांनी विधानसभा लागली, मतदान २० नोव्हेंबरला. ऑर्डर आली. या खेपेला गुरुजींनी पोहोच लगेच दिली आणि मला सांगितलं की पहिल्या सत्राला ते जाणार नाहीत. तसा अर्जही केला, या वेळी तारखा तपासून.

मी मात्र भित्रा. दखलपात्र हा शब्द डोक्यात बसलेला. मी पहिल्याच सत्राला गेलो. सभागृह अर्धं रिकामं. ट्रेनर म्हणाला, "पुढं या, सगळे पुढं या." मी दोनदा मशीन जोडलं, एकदा खोललं, आणि क्लियर माझ्या हातानं दाबलं.

दुसऱ्या सत्राच्या दिवशी दुपारी गुरुजींचा फोन आला. मागे इतका गलका की आधी काही ऐकूच येईना.

"सर," ते ओरडून म्हणाले, "पंचविसाव्या रांगेत बसलोय. मशीन दिसतच नाही. एवढे लोक कामून आले हो?"