‘निरंक’ लिहिणाऱ्या साहेबांना खुले पत्र

आदरणीय सीनियर पार्टनर साहेब,



गेल्या वर्षी मार्चअखेरीच्या धामधुमीत आपण पीआय पॉलिसीचा प्रपोजल फॉर्म हातातला चहा गार होण्याआधी भरून टाकलात, त्याबद्दल आपले जाहीर अभिनंदन करायचे राहून गेले होते. ऑफिसातला दुसरा कुठलाही कागद आपण इतक्या झटपट हातावेगळा केल्याचे मला आठवत नाही. इन्शुरन्स कंपनीने विचारले होते तरी काय? तुम्ही कामे कोणती करता, त्यातून किती मिळते आणि आजवर काय चुकले, एवढेच. तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपण दिलीत. तिन्ही चुकीची दिलीत, हा आपल्या कामातला सातत्याचा गुण.

कामाच्या रकान्यात आपण लिहिलेत, ‘लेखापरीक्षण, १०० टक्के’. वाचताना ऊर भरून आला. आपले मुख्य उत्पन्न जीएसटी रिटर्न भरण्याचे. त्याखालोखाल दोन कारखान्यांची बाहेरून सांभाळलेली हिशेबखाती, मग आरओसीची कामे आणि मागच्या वर्षी एका कंपनीच्या खरेदीआधी केलेली ड्यू डिलिजन्सची तपासणी. कंपनी टक्केवारी मागते ती आपले कौतुक करायला नव्हे. पगारदाराचे रिटर्न चुकले तर दंड-व्याजावर भागते. ड्यू डिलिजन्समध्ये एखादे देणे नजरेतून सुटले तर दोन लाखांच्या फीवर दोन कोटींचा दावा उभा राहू शकतो. जे काम फॉर्मवर लिहिले नाही त्याची जोखीम कंपनीने घेतलीच नाही, असे उत्तर नंतर मिळते. त्यावर आपण काय बोलणार? ऑडिटमध्ये आपणही अशाच शैलीत शेरे लिहितो.

उलाढालीचे मात्र मला खरेच नवल वाटले. गिऱ्हाइकाच्या ताळेबंदातला दोन रुपयांचा फरक आपल्याला रात्री झोपू देत नाही. स्वतःच्या फीचा आकडा फॉर्मवर ८५ लाख, वहीत १ कोटी १० लाख! शिवाय जीएसटीची बिले आपण आपल्या त्या वेगळ्या एलएलपीच्या नावाने काढतो, त्यांचे ६४ लाख कुठेच नाहीत. आकडा लपला हे एक वेळ चालून गेले असते, पण फॉर्मवर एलएलपीचे नावच नाही. मग पॉलिसीत ते कुठून येणार? काम आपल्याच पोरांनी केले, बिल एलएलपीने दिले आणि विमा मात्र फर्मचा. प्रीमियममध्ये काही हजार वाचले असतील. ते कुठल्या खात्यात दाखवायचे, तेवढे कळवावे.

आता तिसरा प्रश्न. खरे तर ते दोन प्रश्न होते आणि दोन्हींसमोर आपण ‘निरंक’ लिहिलेत. पहिला: मागील वर्षांत आपल्यावर दावा झाला आहे का? नव्हता, त्यामुळे हे एक उत्तर चुकून खरे ठरले. दुसरा: पुढे दावा उद्भवू शकेल अशी एखादी घटना किंवा परिस्थिती आपल्याला माहीत आहे का?

आपल्याला ती माहीत होती. मीच आपल्या केबिनमध्ये येऊन सांगितली होती.

आपल्या गिऱ्हाइकाने डिसेंबर २०२२ मध्ये एक कोटीचे मशीन घेतले, त्यावर १८ लाख जीएसटी. पुरवठादाराने त्याचे जीएसटीआर-१ उशिरा भरले, म्हणून ते बिल त्या महिन्याच्या २बीत दिसले नाही. आपल्या आर्टिकलने शीटमध्ये ‘सप्लायर पेंडिंग’ असा शेरा मारला, क्रेडिट घेतले नाही, आणि तोवर त्याचे काहीच चुकले नव्हते. पुरवठादाराने फेब्रुवारीत रिटर्न भरले आणि १४ मार्चला तयार झालेल्या २बीत बिल आले. एव्हाना आर्टिकलची मुदत संपली होती. शीट कुणाच्या हाती सोपवली याचा पत्ता नाही. त्या वर्षाच्या बिलांवर क्रेडिट घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२३. ती निघून गेली आणि डिसेंबरअखेर वार्षिक रिटर्न भरताना ते १८ लाख आपल्याला दिसले. वार्षिक रिटर्नमध्ये राहिलेले क्रेडिट घेता येत नाही, हे मी आपल्याला सांगावे म्हणजे अतीच झाले.

जानेवारीत गिऱ्हाइकाचा मेल आला. त्यात ‘दावा’ हा शब्द नव्हता. ‘हे नुकसान आपण कसे भरून देणार ते कळवावे’, एवढेच होते. आपण म्हणालात, “जुना माणूस आहे, मी फोनवर बोलतो.” बोललात की नाही, देव जाणे. मार्चमध्ये फॉर्म भरला, जुलैत वकिलाची नोटीस आली.

पीआय पॉलिसी कशी चालते हे आपण नोटीस आल्यावर वाचलेत, म्हणून पुन्हा सांगतो. चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे ती आधी पाहते. जुलैत दावा आला तेव्हा नवी पॉलिसी चालू होती. नवी म्हणाली, ही गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक होती आणि तुम्ही लपवलीत. जुनी म्हणाली, माझी मुदत ३१ मार्चला संपली, तोवर तुम्ही मला एका शब्दाने कळवले नाही. दोन्ही वर्षांचा प्रीमियम भरलेला आणि दावा दोन्हींच्या मधल्या फटीत पडला. मार्च संपण्याआधी त्या मेलची प्रत जोडून जुन्या पॉलिसीखाली एक पत्र पाठवले असते आणि कंपनीने ती घटना नोंदवून घेतली असती, तर पुढे कधीही आलेला दावा त्याच जुन्या वर्षातला धरला गेला असता. तशी तरतूद पॉलिसीत छापलेली आहे. आपल्या टेबलावर काच आहे ना, तिच्याखालीच ती पॉलिसी होती.

“दंड कुठे विमा भरतो,” असे आपण नंतर मला समजावलेत. अगदी बरोबर. पण हे १८ लाख दंड नव्हते. गिऱ्हाइकाचे हक्काचे पैसे आपल्या निष्काळजीपणाने बुडाले होते, आणि नेमक्या अशाच नुकसानीसाठी ही पॉलिसी असते. कंपनीने शेवटी एंगेजमेंट लेटरही मागितले. ‘प्रत्येक गिऱ्हाइकाशी लेखी करार आहे का’ या प्रश्नासमोर आपण ‘होय’ लिहिले होते. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर उमटवलेला एक अंगठा निघाला.

तडजोड १२ लाखांवर झाली. पैसे एलएलपीच्या ठेवीतून गेले आणि त्यात निम्मे माझे होते.

आता आपण म्हणता, दुसरी स्वस्त कंपनी बघू. जरूर बघू. मात्र नव्या कंपनीने रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख जुनीच चालू ठेवली नाही, तर आजवरची सगळी कामे उघड्यावर पडतील. म्हणून कोटेशनमध्ये प्रीमियमच्या आधी मी ती तारीख पाहणार आहे.

यंदाचा फॉर्म मी भरला आहे. कामांची टक्केवारी बिलांवरून काढली, फर्म आणि एलएलपी दोघांची नावे घातली, उलाढाल जीएसटी रिटर्नशी जुळवून घेतली. घडलेल्या प्रकरणाची तारीखवार दोन पाने जोडली. पूर्वी आपला दावा नाकारला गेला आहे का, असाही एक प्रश्न आहे. गेल्या वर्षीपर्यंत तिथे ‘नाही’ लिहिता येत असे. प्रीमियम बराच वाढेल. खालच्या डिक्लरेशनवर आपली सही हवी आहे, आणि या वेळी ‘कुठे सही करू?’ विचारण्याआधी वरची पाने वाचावीत.

आपला (आणि आपल्या निम्म्या नुकसानीचाही) भागीदार