सभासदांचे आभार, आणि बाकीचे?

‘सर्व सभासदांचे मनःपूर्वक आभार.’ आमच्या सोसायटीत गौरी-गणपतीच्या सजावटीचं पहिलं बक्षीस गेल्या वर्षी ज्या घराला मिळालं, त्या घरात एकही सभासद नव्हता. मुलीच्या हातात बक्षीस होतं, आई टाळ्या वाजवत होती, आणि चेअरमन माइकवरून भलत्याच लोकांचे आभार मानत होते.

कोरेगाव तालुक्याचं गाव. तहसील, कोर्ट, बँका, शाळा, रेल्वे स्टेशन, त्यामुळे बदलीवर आलेली माणसं इथे पुष्कळ. ती फ्लॅट विकत घेत नाहीत, भाड्याने राहतात. आमच्या इमारतीत 24 फ्लॅट आहेत, त्यातल्या 9 घरांत भाडेकरू. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, सर्वसाधारण सभेत त्याला मत नसतं. सभेत ते ठीकच आहे, कारण तिथे मालकीचा हिशेब असतो. सजावटीच्या स्पर्धेत मालकीचा काय संबंध? तिथे शब्द एकच चालतो, रहिवासी. चेअरमन लोकांनी भाषणाचं पहिलं वाक्य लिहिताना ‘सभासद’ खोडून ‘रहिवासी’ लिहावं. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एक तृतीयांश माणसं त्या एका शब्दाने आत येतात किंवा बाहेर राहतात.

गेल्या वर्षीच्या भाषणात आणखी एक गोष्ट झाली. आभार संपता संपता थकलेला मेंटेनन्स निघाला, मग टाकीची गळती, मग पार्किंग. हे का होतं ते मला कळतं. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, आणि गणपती त्याच सुमारास येतात. सभेला कोरम भरता भरत नाही, बक्षीस समारंभाला मात्र घरंच्या घरं येतात. म्हणून चेअरमनला वाटतं, माणसं जमलीच आहेत तर बोलून घेऊ. पण सभेत विषयपत्रिका असते, उलट प्रश्न विचारता येतो, उत्तर इतिवृत्तात येतं. इथे पोरं नव्या कपड्यांत बसलेली, पाहुणे समोर, आणि ज्याचा मेंटेनन्स थकलाय त्याने काय उठून खुलासा करायचा? तो मान खाली घालतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. गेल्या वर्षीच्या 16 प्रवेशिकांच्या यंदा 14 झाल्या. त्यातली कमी झालेली दोन घरं कोणती, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

यंदाच्या चेअरमनबाईंनी भाषणाची तयारी माइकसमोर केली नाही, जिन्यात केली.

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. सजावट बघायची तर मधलाच दिवस हाती असतो, आणि त्या दिवशी घरोघरी पुरणाचा घाट. दुपारी परीक्षक दारात आले तर बाईमाणसाने पुरण वाटायचं की गौरीसमोरची समई लावायची? म्हणून फेरी संध्याकाळी साडेपाचला सुरू केली. घरटी दहा मिनिटं धरली तरी 14 घरांना दोन तास वीस मिनिटं लागतात. परीक्षक बाहेरच्या दोघी होत्या, गुण त्यांनी द्यायचे. चेअरमनबाई त्यांच्या मागे वही घेऊन फिरल्या. गुण त्यांनी लिहिले नाहीत. प्रत्येक घराचं एक वाक्य लिहिलं, त्या घराने काय केलं त्याचं.

‘खूप सुंदर सजावट’ हे वाक्य त्यांच्या वहीत कुठेही नव्हतं. ते 14 घरांना सारखंच लागू पडतं, म्हणजे कुणालाच पोचत नाही. वहीतलं एक वाक्य असं होतं: दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी घेवडा दोनदा लावला.

त्यामागची हकीकत अशी. या ताई शाळेत शिकवतात, जूनमध्ये बदलून आल्या, भाड्याने राहतात. गौरीपुढे त्यांनी हातभर खळं केलं होतं आणि त्यावर इथल्या वाघ्या घेवड्याची नक्षी. या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. दाण्यावर वाघासारखे लालसर पट्टे असतात, आणि प्रत्येक दाणा पट्ट्याची बाजू वर करून बसवला तरच नक्षी दिसते. पहिल्या रात्री त्यांनी दाणे ओल्या शाडूत दाबले. घेवड्याने ओल धरली, सकाळपर्यंत दाणे फुगले, सालं सुरकुतून सुटली, पट्टे विरले. त्यांनी सगळे दाणे उपटले, शाडू बोट टेकलं तरी ठसा उमटणार नाही इतका सुकू दिला, आणि खळीच्या ठिपक्यावर एकेक दाणा पुन्हा चिकटवला. चेअरमनबाईंनी माइकवर हेच सांगितलं, एवढंच सांगितलं. ‘बाहेरून येऊन तुम्ही आमच्या रानातलं पीक गौरीपुढे मांडलंत, आणि बिघडल्यावर पुन्हा मांडलंत. त्याबद्दल आभार.’ ताई रडल्या. मी शेजारी बसले होते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसरं एक वाक्य बक्षीस न मिळालेल्या घराचं. त्यांच्याकडे थर्माकोलचं जुनं मखर होतं, जपून ठेवलेलं, दर वर्षी तेच लागायचं. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर 2018 पासून बंदी आहे, आणि यंदा स्पर्धेच्या नियमांत ती स्पष्ट लिहिली होती. आदल्या रात्री त्या घराने मखर काढलं आणि आजीच्या इरकली लुगड्याचा पडदा केला. घाईत जमलं तेवढं जमलं, गुण कमी पडले. भाषणात मात्र त्या घराचा उल्लेख पहिला होता. हरलेल्या घराला ‘सहभागाबद्दल धन्यवाद’ म्हणून हातात स्टीलचा डबा ठेवणं सोपं असतं. त्याने काय सोडलं हे पाहायला त्याच्या घरात जावं लागतं.

‘सगळ्यांबद्दल बोलायला वेळ कुठे असतो?’ असं मला एका माजी चेअरमननी विचारलं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. घराला पंधरा शब्द धरले तर 14 घरांचे 210 शब्द होतात. सावकाश बोललं तरी दोन मिनिटं. बाईंचं अख्खं भाषण चार मिनिटांचं झालं. वर्गणी किती जमली, बक्षिसांना किती गेली, हेही त्यात एका वाक्यात आलं. गेल्या वर्षीचं भाषण पंचवीस मिनिटांचं होतं, आणि त्यात एकाही घरातलं काही नव्हतं.

आणि त्यांनी आभार निकालाच्या आधी मानले. हे फार महत्त्वाचं आहे. पहिला नंबर पुकारला की खुर्च्या सरकतात, पोरं खाऊकडे धावतात, फोटोला गर्दी होते. त्यानंतर मानलेले आभार मंडपवाल्याच्या सतरंजीला ऐकू जातात. निकाल बाकी असतो तोवर सगळे जागेवर असतात.

तरीही एक नाव राहिलंच. भाषण संपलं, बाई बसल्या, आणि मागून एक पोरगं ओरडलं, ‘मामी राहिल्या!’ जिना झाडणाऱ्या मामी. दहा दिवस 24 घरांचं निर्माल्य त्यांनी वेगळं काढलं होतं, फुलांतून दोरे आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताने सोडवल्या होत्या. त्या ना सभासद, ना रहिवासी. वहीत फक्त घरं होती, म्हणून त्या सुटल्या. बाई उठल्या, माइक परत हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘चूक माझी आहे. मामी कुठे आहेत?’

मामी गेटपाशी शेवटचं पोतं बांधत होत्या. पोरगं त्यांना बोलवायला धावलं. परीक्षकांनी निकालाचा कागद घडी घालून मांडीवर ठेवला, आणि हात पदराला पुसत मामी येईपर्यंत सगळे थांबले.