कडू परिच्छेदाचे आशावादी रूपांतर : एक सोदाहरण विवेचन

निराश परिच्छेद आशावादी करताना घटना बदलायच्या नसतात. एकही घटना वाढवायची नाही आणि अडचणीची म्हणून एकही गाळायची नाही. बदलता येते ते एवढेच : कोणती घटना आधी सांगायची, वाक्य कशावर संपवायचे, आणि घटनांच्या अंगावर लेखकाने चढवलेले शेरे ठेवायचे की उतरवायचे. रेमाँ क्वेनो या फ्रेंच लेखकाने १९४७ साली पॅरिसच्या बसमधला एक क्षुल्लक प्रसंग ९९ प्रकारांनी सांगून अख्खे पुस्तक केले. इथे दोनच प्रकार घ्यायचे आहेत, आणि प्रसंग त्याहून क्षुल्लक आहे. तो म्हणजे चोवीस सदनिकांच्या, चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. मूळ परिच्छेद प्रस्तुत लेखकाचाच आहे. जिन्यात उभे राहून तो तीन शेजाऱ्यांना वाचून दाखवला गेला असून तिघांनीही ‘वा!’ म्हटले होते, याची नोंद लेखकाच्या आग्रहास्तव येथे केली आहे.

“सभा दहाला होती, म्हणजे दहाला पाच डोकी. कोरम नाही म्हणून तहकूब. साडेदहाला तीच पाच आणि आणखी चार डोकी घेऊन सुरू. पार्किंगवरून चौघांचे भांडण. लिफ्टचा ठराव यंदाही उपसमितीकडे, म्हणजे थेट स्मशानात. खजिनदारांनी पाच पानी हिशेब शेवटच्या पैशापर्यंत वाचला. ऐकला कोणी नाही. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना धाप लागली. लिफ्ट कुठली असायला! भांडणाऱ्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले, रिक्षात घातले, आणि परत येऊन भांडण होते तिथून पुढे सुरू केले. वडे गार. या देशात काही बदलणार नाही.”

यातल्या कोरमविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्याइतकी सुंदर तरतूद दुसरी नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते. सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. चोवीस सभासद असले की सोळा. सोळा माणसे दहा वाजता जमत नाहीत, हे उपविधी लिहिणाऱ्यांना ठाऊक असावे. म्हणून कोरमअभावी सभा तहकूब करून ती त्याच दिवशी अर्ध्या तासाने भरवण्याची सोय आहे, आणि या दुसऱ्या सभेला कोरमची अटच नाही. म्हणजे सोळा माणसांचे काम अर्ध्या तासाने पाच माणसे कायदेशीरपणे करू शकतात. हा अर्धा तास कसा जातो याचा अभ्यास कोणी केलेला नाही. सचिव घड्याळाकडे पाहतात. खजिनदार टाचणी काढून कागद पुन्हा जुळवतात आणि टाचणी पुन्हा लावतात. तळमजल्यावरच्या काकू घरातून स्वतःची खुर्ची आणतात, कारण सोसायटीच्या खुर्च्या कोणाच्या तरी बारशाला गेलेल्या असतात. मग ‘अहो, अमुक अमुक आले का?’ ‘खिडकीत दिसले.’ ‘खिडकीतले धरायचे का?’ अशी चर्चा होते. खिडकीतला सभासद हजर समजावा की नाही यावर उपविधी गप्प आहेत. सांगण्यासारखे आणखीही बरेच आहे. पण विषय रूपांतराचा आहे.

पहिली पायरी शेरे वेगळे काढण्याची. परिच्छेदावर पेन्सिल फिरवून प्रत्येक वाक्याला विचारायचे की हे कॅमेऱ्यात आले असते का. पाच माणसे आली असती, ‘डोकी’ आली नसती. उपसमिती आली असती, स्मशान आले नसते. ‘लिफ्ट कुठली असायला!’ हा लेखकाचा उसासा आहे, आणि ‘या देशात काही बदलणार नाही’ या वाक्यातला देश तर सभेला हजरच नव्हता. शेरे खोडल्यावर लेखकाला सर्वांत आवडलेली वाक्ये नेमकी गेलेली दिसतात. हे दर वेळी घडते. निराश लेखनात शहाणपणाचा जो भास असतो तो बहुतेक या शेऱ्यांत राहतो. सगळे पाहून झालेल्या माणसाचा आवाज काढायला काहीच पाहावे लागत नाही. आजोबांना खाली आणताना प्रस्तुत लेखक इमारतीचे फाटक धरून उभा होता. ते फाटक आपोआप उघडेच राहते.

दुसरी पायरी क्रमाची. मराठी वाक्यात जोर शेवटाकडे जातो. ‘हिशेब वाचला, ऐकला कोणी नाही’ यात खजिनदार केविलवाणे होतात. ‘कोणी ऐकत नव्हते, तरी हिशेब शेवटच्या पैशापर्यंत वाचला’ यात तेच खजिनदार ताठ उभे राहतात. माहितीत एका दाण्याचाही फरक पडलेला नाही. परिच्छेदाचेही असेच आहे. मूळ मजकूर वड्यांवर आणि देशावर संपतो, म्हणून मधली खुर्ची दिसेनाशी होते. तिला शेवटी आणले, की आधीची सगळी भांडणे तिच्याकडे जाणारी वाट होतात. रूपांतर असे होते :

“दहाला पाच जण आले होते. कोरम नव्हता, म्हणून त्यांनी अर्धा तास वाट पाहिली. साडेदहाला आणखी चौघे आले आणि सभा झाली. कोणी ऐकत नव्हते, तरी खजिनदारांनी पाच पानी हिशेब शेवटच्या पैशापर्यंत वाचला. लिफ्टचा ठराव झाला नाही. यंदाही तो उपसमितीकडे गेला. पार्किंगचे भांडण मिटले नाही, मध्ये थांबून होते तिथून पुढे सुरू झाले. वडे गार झाले. भांडण मध्ये थांबले ते असे : चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना धाप लागली तेव्हा भांडणाऱ्या चौघांनीच त्यांना खुर्चीत बसवले, खुर्ची उचलली, जिन्याने खाली आणली आणि त्यांना रिक्षात बसवले.”

इथे एक धोका आहे, आणि त्याबाबत विनोद करणे लेखकाला जमलेले नाही. याच घटनांतून आणखी एक परिच्छेद निघतो : लिफ्ट नसली म्हणून काय झाले, माणुसकी आहे ना! मुंबईत असेच झाले : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले हे खरे. पण त्यानंतर पाणी तुंबले की मुंबईच्या ‘स्पिरिट’चे कौतुक करून नाल्यांचा विषय संपवण्याची सवय लागली, हेही खरे. आपल्या सोसायटीतही जिना उतरताना आजोबांनी खुर्चीचे दोन्ही हात इतके घट्ट धरले होते की खाली आल्यावर बोटे सोडवावी लागली. ज्या परिच्छेदामुळे लिफ्ट नकोशी वाटू लागेल तो आशावादी म्हणता येत नाही; तो सचिवांना सोयीचा असतो. म्हणून ‘ठराव झाला नाही’ हे वाक्य रूपांतरात तोडून, मऊ न करता, स्वतंत्र ठेवलेले आहे.

बिघडलेले रूपांतर ओळखायला सोपे आहे. त्यातली विशेषणे खोडून पाहावीत. आशा त्यांच्याबरोबर गेली तर ती मुळात घटनांत नव्हती. ‘तरीही’ किती वेळा आला तेही पाहावे. एका परिच्छेदात तो दोनदा आला की लेखक घटनांना ढकलू लागला असे समजावे. आणि काही परिच्छेदांचे रूपांतर होतच नाही. खुर्ची उचलायला कोणी उठलेच नसते, तर वाक्ये कशीही फिरवून ही आशा निघाली नसती.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाकडून करून घ्यावी. खजिनदारांना दोन्ही परिच्छेद दाखवले गेले. त्यांनी दोन्हींत एकच दुरुस्ती सुचवली : हिशेब सहा पानी होता.