प्रमुख पाहुण्यांना कसे बोलवावे : नवशिक्या कार्यवाहांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! वाचनालयाच्या कार्यकारिणीने तुम्हाला एकमताने कार्यवाह केले आहे, म्हणजे त्या बैठकीला तुम्ही हजर नव्हता. आता २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन तुमच्या गळ्यात आहे आणि वक्ता आणायचा आहे. घाबरू नका. सरावासाठी असे धरू, की वाचनालय बार्शीत आहे आणि पाहुण्या पुण्याच्या आहेत. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. तुम्हाला त्यांचा फोन नंबर कोणाकडून तरी मिळाला आहे. एवढे भांडवल पुष्कळ झाले.

१. फोन उशिरा करा. या एका तारखेला राज्यातले प्रत्येक महाविद्यालय, बँक आणि सरकारी कचेरी मराठीत तासभर बोलू शकणारा माणूस शोधत असते. बऱ्या वक्त्यांची ही तारीख दिवाळीनंतर लगेच भरते. म्हणून तुम्ही २० फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबा. मग फोन करून फक्त एवढेच विचारा, "मॅडम, सत्तावीसला मोकळ्या आहात ना?" कशासाठी, हे आधी सांगू नका. माणूस एकदा मोकळा आहे असे बोलून गेला, की त्याला नाही म्हणणे जड जाते. होकार मिळाल्यावर तारीख २८ करा, कारण अध्यक्षस्थानी ज्यांना बसवायचे आहे त्या साहेबांना सत्तावीसला लग्न आहे. हा बदल मॅडमना पत्रिकेवरून कळेलच. पत्रिका व्हॉट्सअॅपवर जाते, त्यामुळे पोस्टाचाही खर्च नाही.

२. विषय त्यांच्यावर सोडा आणि मग स्वतःच छापा. "आपल्या आवडीचा कोणताही विषय घ्या," हे वाक्य पाठ करा. यात उदारपणाही दिसतो आणि विचार करण्याचे कष्टही वाचतात. मॅडम म्हणतील, "ओव्यांमधला भाऊ घेते. बहिणीने दळताना त्याच्याबद्दल काय काय गायले, ते सांगते." तुम्ही "वा, वा" म्हणा आणि छापायला द्या : 'अभिजात मराठी : काल, आज आणि उद्या'. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून हा मथळा कोणत्याही वक्त्याला बसतो. मॅडमना तो व्यासपीठामागच्या फलकावर वाचायला मिळेल. बिचाऱ्यांनी ओव्यांची वही सोबत आणलेली असेल. असू द्या, दीपप्रज्वलन चालू असताना भावापासून अभिजाततेपर्यंतचा पूल मनातल्या मनात बांधता येतो.

३. श्रोत्यांचा आकडा गोल ठेवा. "किती लोक असतील?" असे मॅडम विचारतीलच, कारण वीस जणांसमोर ओवी गुणगुणता येते आणि पाचशेंसमोर ध्वनिक्षेपक लागतो. तुम्ही बेधडक पाचशे सांगा. हिशेब सोपा आहे : मंडपवाल्याच्या खुर्च्या दोनशे, पत्रिकेवर 'सन्माननीय उपस्थिती'खाली छापलेली नावे चाळीस आणि उरलेला तुमचा उत्साह. प्रत्यक्षात वाचनालयाचे नेहमीचे पंचवीस सभासद येतील. त्यांतल्या काही आजींना ओव्या तोंडपाठ असतील, पण हे मॅडमना सांगू नका. त्या उगाच आजींनाच गायला लावतील आणि कार्यक्रम रंगायचा. रिकाम्या खुर्च्यांसाठी शेजारच्या शाळेतले नववीचे दोन वर्ग मागवून घ्या. मुलांची खेड्याकडे जाणारी एसटी कधी सुटते, हेही सांगू नका. मॅडम बोलायला उभ्या राहतील त्याच क्षणी निम्मा मंडप दप्तरे उचलेल. वक्त्याला नम्र ठेवायला असा अनुभव अधूनमधून हवाच.

४. प्रवासाबद्दल प्रेमाने बोला. पुणे ते बार्शी साधारण दोनशे किलोमीटर. ते "जवळच आहे" असे सांगावे. "गाडीची व्यवस्था होऊन जाईल," हे वाक्यही फार उपयोगी आहे, कारण कोणाची गाडी, कुठून, किती वाजता आणि ती व्यवस्था करणार कोण, यांतले काहीच त्यातून कळत नाही. अठ्ठावीसच्या सकाळी मॅडमचा फोन आला, की म्हणा, "तुम्ही रेल्वेने कुर्डुवाडीपर्यंत या, तिथून आमचा मुलगा घेईल." मुलाचा नंबर देऊ नका. मुलाला मॅडम कशा दिसतात हेही सांगू नका. बार्शी तिथून जेमतेम तासाभराच्या आत, म्हणजे मुलाने मोटारसायकल न आणता गाडी आणली तर. परतीचा विचार तर कार्यक्रमाआधी कधीच करू नये, भाषण संपल्यावर रात्री नऊला सगळे जण एकमेकांना "मॅडम जाणार कशा?" असे विचारतात, तेव्हाच खरी आपुलकी दिसते.

५. वेळ पत्रिकेवर एक, प्रत्यक्षात दुसरी. पत्रिकेवर 'ठीक ४ वाजता' छापा. 'ठीक' या शब्दावरून जाणकार सव्वापाचला येतात. त्यानंतर प्रतिमापूजन, स्वागतगीत, सगळ्यांना शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, वार्षिक अहवाल, देणगीदारांचा सत्कार आणि गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे असा क्रम ठेवा. पाहुण्यांचा परिचय वीस मिनिटांचा करा, म्हणजे त्यांच्याकडे स्वतः सांगण्यासारखे काही उरत नाही. मग सूत्रसंचालकाकडून चिठ्ठी पाठवा : 'वेळेअभावी दहा मिनिटांत आवरावे.' पत्रात 'एक तास' लिहिले असेल तर फारच छान. पन्नास मिनिटे वाचली.

६. मानधनाचा विषय काढू नका. विद्येच्या पूजकांशी पैशाचे काय बोलायचे? त्यांनी आडून विचारलेच, तर "आमची संस्था छोटी आहे," एवढे म्हणून उसासा टाका. मंडपवाल्यापुढे हा उसासा टाकू नका. तो ऐकत नाही. कार्यक्रमानंतर पाकीट द्या आणि बाहेर 'सस्नेह भेट' लिहा. आत काय आहे ते मॅडमना कुर्डुवाडी स्टेशनवर कळेल. नाहीतर दुसरी शाल द्या. ती बहुधा मागच्या वर्षीच्या पाहुण्यांनी निघताना सत्कारांच्या ढिगाऱ्यात विसरलेली असते.

७. पुढील नमुन्यापासून सावध राहा. काही अननुभवी कार्यवाह उत्साहाच्या भरात असे पत्र धाडतात, तेही नोव्हेंबरमध्ये :

'स. न. वि. वि. शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६ रोजी सायंकाळी ६ वाजता वाचनालयाच्या सभागृहात आपण "ओव्यांमधला भाऊ" या विषयावर ४५ मिनिटे बोलावे व नंतर १५ मिनिटे प्रश्नोत्तरे व्हावीत, अशी विनंती आहे. श्रोते ४० ते ५०, बहुतेक साठीपुढचे. त्यांतल्या चार-पाच जणींना ओव्या येतात. आपल्याआधी फक्त पाच मिनिटांचे प्रास्ताविक होईल. पुण्याहून दुपारी १२ वाजता घरी गाडी येईल, चालकाचा नंबर सोबत आहे. मुक्काम वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घरी, परत सकाळी ८ वाजता त्याच गाडीने. मानधन ५,००० रुपये, त्याच दिवशी. जमणार नसेल तर १५ डिसेंबरपर्यंत कळवावे, म्हणजे आम्हाला दुसऱ्या वक्त्यांना विचारता येईल.'

या पत्राचे दुष्परिणाम भयंकर आहेत. तारखेशेजारी वार लिहिल्यामुळे चूक लगेच पकडली जाते. वेळ, विषय आणि श्रोते ठाऊक असल्यामुळे पाहुण्या तयारी करून येतात. पाचच मिनिटांचे प्रास्ताविक लेखी कबूल केल्यामुळे उपाध्यक्ष, सहकार्यवाह, कोषाध्यक्ष आणि आठ सल्लागार यांना माईकजवळ जाता येत नाही. ते गप्प बसून ओव्या ऐकतात आणि घरी जाताना म्हणतात, "छान झाले, पण कार्यक्रम झाल्यासारखे वाटले नाही."

पुढच्या निवडणुकीत कार्यवाह बदलतो. तुम्हाला हे पद खरोखरच नको असेल, तर मात्र हे पत्र आजच पाठवा.