आजोबा सापडतात, नोकरी सापडत नाही

पंचवटीत रामकुंडावर तीर्थपुरोहिताला गाव आणि आडनाव सांगा. बासन सोडून तो वही काढतो आणि तुमचे पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे वाचून दाखवतो. त्याच पंचवटीतून रोज सातपूर-अंबडला जाणाऱ्या कामगारानं एचआरला विचारावं, "साहेब, माझी नोकरी नक्की किती वर्षं धरलीय?" उत्तर ठरलेलं: "सिस्टीममध्ये बघावं लागेल." बघणारा माणूस मात्र रजेवर असतो.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, घड्याळ आणि फोटो. पेन्शन किती मिळणार, हे मात्र सत्कारमूर्तीला माहीत नसतं. म्हणून शाल यायच्या आधी वर्षभर एक पत्र द्यावं आणि त्यात दोन गोष्टी मागाव्यात: सेवेचा तपशील आणि पेन्शनचा लेखी अंदाज.

आधी अंदाजाचं बघू. खासगी कारखान्यातल्या बहुतेकांची पेन्शन 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येते. ती मंजूर करतं भविष्य निर्वाह निधी कार्यालय, कंपनी नव्हे. हे कारण पुढे करून एचआर हात वर करतं. करू द्या, पण हिशेब अवघड नाही. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. गोम पगारात आहे. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल, तर तुमचा खरा पगार चाळीस हजार असला तरी ऑगस्ट 2014 पर्यंतच्या सेवेला जास्तीत जास्त 6,500 धरतात आणि त्यानंतरच्या सेवेला 15,000.

धरून चालू, एक गृहस्थ 1 सप्टेंबर 1996 ला लागले आणि ऑगस्ट 2024 अखेर 58 चे होऊन निवृत्त झाले. पहिल्या 18 वर्षांचे 1,671 रुपये, पुढच्या 10 वर्षांचे 2,143. झाले 3,814. वीस किंवा त्याहून जास्त वर्षं सेवा असली की दोन वर्षं जादा धरतात. ती जुन्या दरानं धरली तर 186 रुपयांची भर, नव्या दरानं धरली तर 429 ची. म्हणजे महिन्याला चार हजार ते सव्वाचार हजार. त्या शालीची किंमत काय असेल, हे विचारू नका. ही जादा दोन वर्षं कोणत्या दरानं धरली, तेवढं मात्र अंदाजात लिहून मागा.

खरा माल सेवेच्या तपशिलात असतो. पत्रात साधंच लिहा: "माझी रुजू होण्याची तारीख, आपल्या नोंदीतली जन्मतारीख, दरवर्षी पेन्शन खात्यात भरलेली रक्कम आणि एनसीपी दिवस कृपया लेखी कळवावेत." एनसीपी म्हणजे ज्या दिवसांचा पगार नाही आणि म्हणून भरणाही नाही असे दिवस: बिनपगारी रजा, संप, टाळेबंदी. हे दिवस सेवेतून वजा होतात. 2014 नंतरचं असं एक वर्ष गेलं, की महिन्याला 214 रुपये जन्मभर गेले. कारकुनानं पगारी रजेलाच एनसीपी ठोकलं असेल, तर ते आत्ताच दिसलं पाहिजे.

पडताळणीला घरचंच साधन आहे. पीएफ पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना असतो. मधल्या महिन्यांत तिथं शून्य दिसलं की बोट ठेवायचं. उलटंही होतं. कंपनीतलं निवृत्तीचं वय 60 असलं तरी पेन्शनचा भरणा एरवी 58 ला थांबायला हवा. तो तसाच चालू राहिला, तर 10डी अर्जाच्या वेळी फाइल परत येते आणि दोन वर्षांचा भरणा दुरुस्त करत बसावं लागतं. आणि आधीच्या कंपनीतली वर्षं? त्या खात्यातले पेन्शनचे पैसे तेव्हा 10सी भरून काढून घेतले असतील, तर ती सेवा संपली. तेव्हा त्या पैशांत घेतलेली मोटरसायकल ती वर्षं घेऊन गेली. काढले नसतील, तर ती जोडून घ्या, कारण एकूण दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शनच नाही.

एचआर म्हणेल, "काका, सगळं ऑनलाइन आहे, पत्र कशाला?" ऑनलाइन जे दिसतं ते कंपनीनंच भरलेलं असतं. चूक कंपनीची असेल तर दुरुस्तीही बहुधा तिच्याच सहीनं होते, आणि निवृत्तीनंतर त्या सहीसाठी तुम्हाला गेटवर पास काढावा लागतो. तेव्हा पत्र दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या आणि महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्या पोचेचा हवाला देऊन दुसरं पत्र द्या. 57 पूर्ण झालेल्यांनी हे या आठवड्यातच उरकावं.